पार्श्वभूमी : ‘व्यायामाचा दमा’ हे नाव आलं कुठून, आणि बदललं का

मराठीत दम लागणं आणि दमा असणं यांत एका कान्याचा फरक आहे, पण घरच्यांच्या दृष्टीने तो जन्माचा असतो. त्यामुळे शिवाजी पार्कला फेऱ्या मारून थांबलेल्या मुलाला कोरडा खोकला सुटला, छाती आवळल्यासारखी झाली, की ‘स्टॅमिना कमी आहे’ म्हणून विषय मिटवला जातो. नाहीतर कुणीतरी परस्पर पंप हातात देतो. डॉक्टरमंडळींनीही अनेक वर्षं या नावाचा असाच घोळ घातला होता.

धावल्याने श्वास जड होतो ही नोंद ग्रीक वैद्यकात सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची आहे. ते मोजायला सुरुवात झाली १९६०च्या दशकात. दम्याच्या मुलांना सहा-आठ मिनिटं पळवलं, की श्वासनलिका पळताना नव्हे तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सर्वांत जास्त आवळतात आणि तासाभरात बहुधा मोकळ्या होतात, असं दिसलं. ‘व्यायामाचा दमा’ हे नाव तेव्हा रूढ झालं. कारणाबद्दल आधी थंड हवेवर बोट ठेवलं गेलं. पुढे जास्त वजन कोरडेपणाला मिळालं. जोराने तोंडावाटे श्वास घेताना नलिकांच्या अस्तरातलं पाणी उडतं, अस्तर खारट होतं आणि तिथल्या पेशी नलिका आवळणारी रसायनं सोडतात.

नाव वादात सापडलं ते ऑलिम्पिकमुळे. १९७२मध्ये म्युनिकला एका अमेरिकन जलतरणपटूचं सुवर्णपदक दम्याच्या औषधातल्या एफेड्रिनपायी गेलं. १९८४च्या लॉस एंजेलिस स्पर्धेआधी अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंची तपासणी झाली. त्यांतल्या ६७ जणांना हा त्रास निघाला आणि त्यांनीच ४१ पदकं आणली. पुढे पंपाची परवानगी मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २००२च्या हिवाळी स्पर्धेपासून नियम आला : नुसती लक्षणं सांगून चालणार नाही, श्वासाच्या चाचणीचा पुरावा द्या. खेळाडूंना हा अविश्वास वाटला. माझ्या मते मात्र या विषयातला सर्वांत उपयोगी निर्णय तोच. खोकला आणि धाप असूनही नलिका न आवळलेले खेळाडू बरेच निघाले, आणि काही तक्रार नसलेल्या काहींच्या नलिका आवळलेल्या सापडल्या. २०१०पासून नेहमीच्या पंपाला ठरावीक मात्रेपर्यंत परवानगी लागत नाही, पण पुराव्याची शिस्त टिकली. २०१३च्या एका मार्गदर्शिकेने जुनं नाव बाजूला ठेवून ‘व्यायामाने होणारं श्वासनलिकांचं आकुंचन’ हे नाव पुढे केलं, कारण ते दमा नसलेल्यांनाही होतं.

समजा, दादरच्या एका १९ वर्षांच्या मुलाने धावण्याआधी जोरात फुंकर मारली. पहिल्या सेकंदात ३.६० लिटर हवा बाहेर आली. थांबल्यावर दहाव्या मिनिटाला ३.०२ आणि तिसाव्या मिनिटाला ३.५० लिटर आली. घट १६ टक्के झाली. १० टक्क्यांपासून पुढे चाचणी सकारात्मक धरतात. बसून केलेली साधी चाचणी चांगली आली म्हणून हा त्रास नाही, असं ठरत नाही.

मुंबईत इथे एक खोच आहे. चाचणीला कोरडी हवा लागते, लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी बाष्प असलेली. आपल्या ३० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते साधारण २१ मिलिग्रॅम भरतं. म्हणजे दवाखान्याच्या गच्चीवर पळवून आलेला ‘नॉर्मल’ निकाल फारसा भरवशाचा नाही. उलट एसी जिममध्ये तोच मुलगा खोकतो. मोकळ्यावर त्रास होतो तो बहुधा बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर आणि थंडीतल्या सकाळी खाली साचून राहिलेली हवा यांनी. तरणतलावात पाण्यावर तरंगणारी क्लोरीनची वाफ हे आणखी एक कारण.

वॉर्म-अपमागेही १९६०च्या दशकातलंच निरीक्षण आहे. एकदा नलिका आवळून मोकळ्या झाल्या, की सुमारे निम्म्या लोकांत पुढचे एक ते तीन तास त्या तितक्या आवळत नाहीत. म्हणून नुसतं चालत हातपाय हलवण्यापेक्षा मधूनमधून वेग वाढवत-कमी करत १०-१५ मिनिटं काढणं जास्त उपयोगी पडतं. व्यायामाआधी १५ मिनिटं घेतलेला पंप चालतो, पण रोज एकट्या त्याच्यावर विसंबलं तर त्याचा असर घटतो.

खोकला रात्री किंवा पहाटे उठवत असेल, हसताना, अगरबत्तीने, पावसाळ्यात ओल धरलेल्या खोलीत सुटत असेल, लहानपणी छातीत सूं-सूं होत असेल, तर मामला व्यायामापुरता नाही. तिथे दम्याची तपासणी करावी लागते. त्रास ऐन वेगात, श्वास आत घेताना, घशाशी आवाज करत येऊन थांबताच मिनिटांत ओसरत असेल, तर बहुधा स्वरयंत्र आवळतं आहे. तिथे पंप काहीच करत नाही. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच धावताना छाती दाटली, हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर पंप शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.