एकाच कपाटाचे चार फोटो: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कपाट आतून बदलून घ्यायचं ठरलं की बहुतेक ग्राहक आम्हाला मोबाइलवर एखादा सुंदर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "अगदी असं करून द्या." फोटोतलं कपाट खरोखर छान असतं. पण समोरून काढलेल्या फोटोत कपाटाची रुंदी आणि उंची दिसते, खोली दिसत नाही. आणि मुंबईतल्या घरांत कपडे सापडत नाहीत ते बहुतेक वेळा या खोलीमुळेच. म्हणून आम्ही एका ग्राहकांच्या परवानगीने त्यांच्याच कपाटाचे, त्याच कपड्यांसकट, चार वेगवेगळ्या मांडण्यांचे फोटो काढले. या पत्रकात ते चार फोटो कसे वाचायचे ते सांगितलं आहे.

घर परळचं, वन बीएचके. कपाट चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच, दोन पल्ल्यांचं. मधोमध उभी फळी. डावीकडच्या खणात वर एक रॉड, उजवीकडे पाच कप्पे. प्रत्येक खण आतून साधारण साडेबावीस इंच रुंद आणि एकवीस इंच खोल. कपडे नवरा-बायको दोघांचे. ताई बँकेत नोकरीला, सकाळी सव्वासातची लोकल. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "कपाट उघडलं की मला पाच मिनिटं शोधायला लागू नयेत."

फोटो काढण्याआधी आम्ही चिठ्ठीवर पाच कपडे लिहिले: ताईंचा पिवळा कुर्ता, साहेबांचा पांढरा हाफ शर्ट, एक इरकल साडी, एक स्वेटर आणि घरात घालायची पँट. प्रत्येक मांडणीत हे पाच कपडे काढायचे आणि ते काढताना दुसरे किती कपडे उचलावे किंवा सरकवावे लागले ते मोजायचं. मिनिटं मोजली नाहीत, कारण कुठला कपडा कुठे आहे हे एकदा कळलं की दुसऱ्या वेळी माणूस आपोआप भरभर काढतो. उचललेले कपडे मात्र खोटं बोलत नाहीत.

पहिला फोटो: होतं तसं

कप्पे गच्च, रॉडला शर्ट, कुर्ते, साड्या एकत्र, आणि रॉडखाली चादरींचं बोचकं. समोरून पाहिलं तर कपाट भरलंय असंच वाटतं. मग आम्ही मोबाइल कप्प्याच्या तोंडाशी आडवा धरून बाजूने दुसरा फोटो काढला आणि खरी गोष्ट त्यात दिसली. शर्टाची नेहमीची घडी साधारण दहा इंच रुंद आणि बारा-तेरा इंच लांब होते. कप्पा एकवीस इंच खोल. म्हणजे पुढच्या चळतीच्या मागे आठ-नऊ इंचांची जागा उरते. ती रिकामी कशी राहील? तिथे दुसरी रांग लागते आणि ती रांग माणूस हळूहळू विसरतो. ताईंना त्या मागच्या रांगेत दोन वर्षांपूर्वी हरवला असं वाटलेला एक कुर्ता सापडला.

कपाटाची ही खोली चुकीची नाही. हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक लागते, म्हणून कपाटं बाहेरून दोन फूट खोल करतात. ती खोली हँगरसाठी बरोबर आहे, पण घडीच्या कपड्यांसाठी जास्त पडते. या मांडणीत पाच कपडे काढायला सत्तेचाळीस कपडे हलवावे लागले.

दुसरा फोटो: नीटनेटक्या चळती

शर्ट एकीकडे, कुर्ते एकीकडे, रंगांप्रमाणे, सगळ्या घड्या एका मापाच्या. समोरून हा फोटो चारांमध्ये सर्वात देखणा आहे आणि ग्राहकांनाही हाच आवडतो. पण बाजूने पाहिलं तर मागची रांग जिथल्या तिथे. पिवळा कुर्ता मागच्या चळतीत खाली होता. तो काढायला पुढचे नऊ आणि वरचे पाच, असे चौदा कपडे उचलावे लागले. पाच कपड्यांचे मिळून अडतीस. म्हणजे एवढी मेहनत करून फक्त नऊने कमी.

पंधरा दिवसांनी, मधे काहीही न आवरता, याच कपाटाचा पुन्हा फोटो काढला. पुढच्या चळती तिरक्या झाल्या होत्या आणि त्यांच्या वर आणखी कपडे ठेवलेले. सकाळच्या घाईत खालचा कपडा ओढला की वरचे सगळे घसरतात. नऊ-दहा घड्यांपेक्षा उंच चळत घरात टिकत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून आम्ही कुठल्याही मांडणीचा पहिल्या दिवसाचा फोटो एकटा दाखवत नाही. सोबत पंधराव्या दिवसाचा असतोच.

तिसरा फोटो: उभ्या घड्या, ओढता येणारे खोके

इथे घड्या आडव्या न रचता उभ्या लावल्या, फायली लावतात तशा. प्रत्येक कप्प्यात वीस इंच लांब आणि साडेदहा इंच रुंद असे दोन खोके. खोका बाहेर ओढला की पुढून मागेपर्यंत सगळ्या घड्यांच्या कडा एका नजरेत दिसतात, मागची रांग उरतच नाही. घडीची उंची आठ-नऊ इंच ठेवायची, आणि खोक्याची भिंत त्यापेक्षा दोन-तीन इंच कमी, म्हणजे बोट घालून कपडा उपसता येतो.

पुष्कळांना वाटतं की अशा घडीने कपडे जास्त मावतात. कापड कसंही ठेवलं तरी जागा तेवढीच घेतं. गुंडाळ्या केल्या तर गोल आकारामुळे मधे उलट फटी राहतात. जागा वाचते ती दुसरीकडे. आडव्या चळतीला वर हात घालायला जागा सोडावी लागते, पण खोका बाहेर ओढायचा असल्याने ती लागत नाही. या कपाटात कप्पे चौदा-चौदा इंचांचे होते. खालचे चार साडेदहा इंचांचे केले, वरचे दोन पावणेचौदाचे राहिले, आणि पाचाच्या जागी सहा कप्पे झाले. एक अख्खा कप्पा मिळाला तो फळ्या सरकवल्यामुळे.

दोन मर्यादा मात्र आहेत. खोका खांद्याच्या वर गेला की वरून दिसत नाही, फक्त त्याची पुढची भिंत दिसते. म्हणून खोके खालच्या चार कप्प्यांतच ठेवले. सगळ्यात वरचा खोका जमिनीपासून चार फुटांच्या आसपास येतो. आणि फळ्या खुंट्यांवर बसवलेल्या असतील तरच सरकवता येतात. ठोकून, चिकटवून बसवलेल्या फळ्या काढायच्या तर प्लायच्या कडा फुटतात. तिथे आम्ही फळीला हात लावत नाही, उंच भिंतींचे खोके करून देतो. जागा वाढत नाही, पण कपडे सापडतात.

हलवलेले कपडे: अकरा.

चौथा फोटो: रॉडची बाजू

अकरापैकी बहुतेक रॉडच्या खणातले होते, म्हणून शेवटी तिकडे वळलो. शर्ट हँगरसकट चाळीस इंचांपेक्षा कमी जागा घेतो आणि त्या खणाची आतली उंची त्र्याहत्तर इंच. म्हणजे शर्टांखाली अडीच-तीन फूट जागा बोचक्याला दिलेली. आम्ही जमिनीच्या फळीपासून तीस इंचांवर दुसरा रॉड लावला. साडी हँगरवर मधोमध टाकली की हँगरसकट सव्वादोन-अडीच फुटांत बसते, आणि दुमडून टांगलेली पँटही साधारण तेवढ्यातच. वर शर्ट आणि आखूड कुर्ते, खाली साड्या आणि पँटी.

घरात लांब कुर्ते, गाऊन किंवा अनारकली बऱ्याच असतील तर दोन रॉड लावू नयेत. ते वरच्या रॉडवरून खालच्या हँगरांवर येऊन पडतात आणि महिनाभरात त्यांची खालची कड मळते, चुरगळते. या घरी तसे तीनच कपडे होते, ते खोक्यात गेले.

जरीच्या जड साड्या, पैठणी आम्ही टांगत नाही, ग्राहकांनी सांगितलं तरी नाही. जरीचं वजन घडीच्या रेषेवर येतं आणि रेशीम तिथेच विरतं. त्या मलमलमध्ये गुंडाळून वरच्या कप्प्यात आडव्या ठेवायच्या, एकावर एक तीन-चारच, आणि काही महिन्यांनी घडी बदलायची. पाच कपडे काढायला शेवटी सहा कपडे हलवावे लागले. चौथा फोटो समोरून दुसऱ्याइतका देखणा नाही, रॉडखाली थोडी रिकामी जागा दिसते. ती तशीच राहू द्या. हात आत जायला आणि हँगर सरकायला ती लागते.

पावसाळ्याबद्दल

आमचं हे काम एप्रिलमध्ये झालं होतं. ऑगस्टमध्ये ताईंचा फोन आला की एका खोक्याला कुबट वास येतोय. जाऊन पाहिलं तर तो सर्वात खालचा खोका, कपाटाच्या बाथरूमकडच्या बाजूचा, आणि आत घड्या इतक्या दाबून भरलेल्या की बोट शिरत नव्हतं. चूक आमचीही होती, आम्ही तो तसाच भरून दिला होता. आता प्रत्येक खोक्यात चार बोटांची जागा मोकळी सोडतो, बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात खोके मागच्या फळीपासून एक इंच पुढे ठेवतो, आणि पावसाळ्यात कपडा नुसता कोरडा वाटला म्हणून लगेच आत ठेवू नका असं सांगतो. इस्त्री केलेला कपडा गार होईपर्यंत बाहेर राहू द्या. गरम घडीची वाफ आत कोंडली की बुरशी तिथूनच सुरू होते.

तुमच्या कपाटाचे फोटो पाठवताना

पलंग आणि कपाट यांत बहुतेक घरांत दोन-अडीच फुटांचंच अंतर असतं, त्यामुळे लोक मोबाइलची रुंद लेन्स लावतात. त्यात कडेचे कप्पे ताणलेले दिसतात आणि माप चुकतं. त्यापेक्षा पलंगाच्या पलीकडच्या कडेला उभे राहा, दोन्ही पल्ले पूर्ण उघडा, ट्यूबलाइट लावा आणि मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरा. उभं राहण्याच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा, म्हणजे पंधरा दिवसांनी दुसरा फोटो तिथूनच काढता येईल. सरकत्या दारांचं कपाट असेल तर डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन फोटो लागतील.

मग प्रत्येक कप्प्याचा बाजूने एक फोटो, पुढच्या चळतीच्या शेजारी शाळेची फुटपट्टी आडवी आत घालून. आवरून फोटो काढू नका. आहे तसं कपाट पाठवा, आम्हाला तेच पाहायचं असतं.