हिरड्यांतले रक्त आणि न गोठणारे रक्त : स्कर्व्ही आणि ‘के’ जीवनसत्त्वाची कमतरता यांची गल्लत

‘जोड्या लावा’ या प्रश्नात रातांधळेपणा, बेरीबेरी आणि स्कर्व्ही ही नावे एकत्र आली की बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली दोन उत्तरे बरोबर येतात. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, कारण अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी लागणारे डोळ्यातील रंगद्रव्य त्याच्यापासूनच तयार होते. बेरीबेरी ‘ब१’ च्या अभावाने होतो आणि त्यात पायांच्या नसा किंवा हृदय दुबळे पडते. कोकणातल्या उकड्या तांदळात हे जीवनसत्त्व टिकते आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जाते, हेही अनेकांना ठाऊक असते. या दोन रोगांवर मी अधिक शब्द खर्च करणार नाही. घोटाळा होतो तो स्कर्व्ही आणि ‘क’ जीवनसत्त्व या तिसऱ्या जोडीत, आणि तोही समोरच्या रकान्यात ‘के’ जीवनसत्त्व येऊन बसल्यावर.

परीक्षेच्या गाईडमध्ये साधारणपणे दोन ओळी असतात : ‘क’ च्या अभावाने हिरड्यांतून रक्त येते, ‘के’ च्या अभावाने रक्त गोठत नाही. दोन्ही ओळी खोट्या नाहीत, पण शेजारी ठेवल्या की त्या वाचणाऱ्याला हमखास चुकीच्या वाटेने नेतात. वाचणारा समजतो की दोन्हीकडे दोष एकच आहे, फरक फक्त जागेचा आहे, म्हणजे एकात हिरडी आणि दुसऱ्यात बाकी शरीर. मग ‘स्कर्व्हीत रक्त गोठत नाही म्हणून हिरड्यांतून वाहते’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. हे वाक्य मी इतक्या वेळा तपासले आहे की आता लाल शाई उचलण्याआधीच कंटाळा येतो. स्कर्व्हीच्या रुग्णाचे रक्त व्यवस्थित गोठते. बिघडलेली असते ती रक्त ज्यातून वाहते त्या वाहिनीची भिंत.

ही भिंत उभी राहते कोलॅजन या प्रथिनाच्या आधारावर. कोलॅजनचा रेणू तिपेडी वेणीसारखा असतो, आणि हे तीन पेड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यातल्या काही घटकांवर पेशीच्या आत एक छोटी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. ही प्रक्रिया करणाऱ्या विकरांना ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. ती मिळाली नाही तर पेड तयार होतात, पण शरीराच्या तापमानाला वेणी टिकत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवतीचा आधार, दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू, जखमेचा वण आणि वाढत्या हाडाचा साचा या सर्वांत हेच कोलॅजन असल्यामुळे स्कर्व्हीची लक्षणे वरवर विखुरलेली दिसली तरी त्यांचे मूळ एकच असते.

‘के’ जीवनसत्त्वाचे काम याहून सर्वस्वी वेगळे आहे. रक्त गोठवणारी अनेक प्रथिने यकृतात तयार होतात, आणि त्यांपैकी दुसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या क्रमांकाच्या घटकांना कॅल्शियम पकडण्यासाठी एक प्रकारचा चिमटा लागतो. तो चिमटा बसवण्याच्या क्रियेला ‘के’ लागते. ‘के’ नसेल तर यकृत हे घटक तयार करतच राहते, पण ते चिमट्याविना रक्तात येतात आणि फाटलेल्या जागी चिकटत नाहीत. येथे वाहिनीची भिंत धडधाकट असते, फक्त एकदा भोक पडले की ते बुजत नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना हे जीवनसत्त्व सापडले ते स्निग्धांशविरहित खाद्यावर वाढवलेल्या आणि रक्तस्राव होऊ लागलेल्या कोंबडीच्या पिल्लांमुळे. ‘के’ हे अक्षर रक्त गोठण्यासाठी असलेल्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दाच्या जर्मन आणि डॅनिश वर्तनीचे आद्याक्षर आहे. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी जोडी आपोआप लागते.

हा फरक रुग्णाच्या अंगावर कसा दिसतो, हा खरा प्रश्न आहे, आणि येथेच ‘हिरड्यांतून रक्त’ हे उत्तर सर्वांत निरुपयोगी ठरते. ‘के’ ची कमतरता असली तरी हिरड्यांतून रक्त येऊ शकते. शिवाय दोन्ही जीवनसत्त्वे भरपूर असणाऱ्या माणसालाही ब्रश करताना रक्त येते, कारण त्याच्या दातांवर कीटण साचून हिरड्यांना सूज आलेली असते. असा माणूस दंतवैद्याकडे जाण्याऐवजी महिनोन्‌महिने ‘क’ च्या आंबटगोड गोळ्या चघळत बसतो, ते पाहून मला या गाईडच्या ओळीचा आणखीच राग येतो. स्कर्व्हीची हिरडी रक्त येते म्हणून ओळखू येत नाही. ती दोन दातांच्या मधल्या जागेत फुगून वर आलेली, जांभळट आणि मऊ असते, पुढे दातही हलू लागतात. ज्याच्या तोंडात दातच नाहीत त्याच्या हिरड्या मात्र स्कर्व्हीतही जवळजवळ ठीक राहतात.

त्याहून विश्वासाचे लक्षण पायावर असते. मांडीवर आणि पोटरीवर प्रत्येक केसाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो, आणि तो केस सरळ न वाढता बूच काढायच्या स्क्रूसारखा गुंडाळलेला असतो. उभ्या माणसाच्या पायांतल्या वाहिन्यांवर रक्ताचा दाब जास्त पडत असल्यामुळे कच्ची भिंत तेथे आधी फुटते. ‘के’ च्या कमतरतेत केसांच्या मुळाशी असे ठिपके उमटत नाहीत. तेथे मोठे काळेनिळे डाग पडतात, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहते, नाकातून किंवा आतड्यातून रक्त जाते, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो.

वण हा दुसरा साक्षीदार आहे. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी ॲन्सन यांच्या १७४० ते १७४४ च्या जगप्रवासातील एका खलाशाला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्याची आणि जुळून आलेले हाडही सुटल्याची नोंद त्या प्रवासाच्या वृत्तांतात आहे. वणातले कोलॅजन आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असते, आणि भरणे थांबले की वण सुटतो. ‘के’ च्या अभावी ताजी जखम वाहत राहील, पण बरा झालेला वण उसवणार नाही.

जॉन क्रँडन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३९ मध्ये स्वतःवर केलेला प्रयोग या संदर्भात लिंडच्या लिंबांपेक्षा मला जास्त शिकवणारा वाटतो. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरांनी १७४७ मध्ये सॅलिसबरी जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून लिंबू-संत्र्यांचा गुण दाखवला, हे सर्वांना पाठ असते. क्रँडन यांनी सहा महिने फळे, भाज्या आणि दूध वर्ज्य केले. सुमारे सहा आठवड्यांत त्यांच्या रक्तद्रवातले ‘क’ शून्यावर आले, तरीही तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. चार महिने उलटून गेल्यावर त्वचा केसांच्या मुळाशी खरखरीत झाली, पाच महिन्यांनंतर लाल ठिपके आले, आणि सहाव्या महिन्यात केलेली जखम वरून मिटली तरी आत भरली नाही. या सर्व काळात त्यांच्या हिरड्या मात्र उघड्या डोळ्यांना बऱ्याच दिसत होत्या. हिरड्यांवरून निदान करणाऱ्याने त्यांना निरोगी ठरवले असते.

आता दोन मुले शेजारी ठेवून पाहू. पहिले चार दिवसांचे आहे. ते घरी जन्मले, त्याला जन्मताच द्यायचे ‘के’ चे इंजेक्शन मिळाले नाही, आणि आई त्याला फक्त अंगावर पाजते आहे. त्याच्या नाळेच्या जागेतून रक्त झिरपत आहे आणि शी डांबरासारखी काळी आहे. दुसरे चौदा महिन्यांचे आहे. त्याला वरचे उकळलेले, पाणी घातलेले दूध आणि बिस्किटे यांशिवाय काही मिळालेले नाही. ते दोन आठवड्यांपासून पाय हलवत नाही, बेडकासारखे पाय फाकवून पडून राहते, आणि लंगोट बदलण्यासाठी पायाला हात लावला तरी किंचाळते. त्याच्या पुढच्या चार दातांभोवतीची हिरडी जांभळी झाली आहे, मात्र जेथे दात आलेले नाहीत तेथे ती गुलाबीच आहे.

वय हाच येथे पहिला धागा आहे. आईच्या दुधात ‘के’ फारच थोडे असते आणि नवजात बाळाच्या शरीरात त्याचा साठाही नसतो, म्हणून त्या कमतरतेचा रक्तस्राव सहसा पहिल्या आठवड्यात होतो, किंवा उशिराच्या प्रकारात पहिल्या तीन महिन्यांत. ‘क’ चे उलट आहे. नीट खाणाऱ्या आईच्या दुधात ते पुरेसे असते आणि साठा संपायलाही वेळ लागतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतले स्कर्व्हीचे बाळ क्वचितच सापडते. ‘लहान बाळाला रक्तस्राव’ एवढेच लिहिलेल्या प्रश्नात वय दिलेले नसेल तर प्रश्न काढणाऱ्यालाच आधी शून्य गुण द्यावेत.

दुसरा धागा रक्ततपासणीचा आहे. दोघांच्याही प्लेटलेट्स पुरेशा आहेत. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणारी प्रोथ्रॉम्बिन टाइमची चाचणी पहिल्या बाळात लांबते. सातवा घटक रक्तात काही तासच टिकत असल्यामुळे तो सर्वांत आधी अपुरा पडतो आणि ही चाचणी लवकर बिघडते. दुसऱ्या मुलात ती अगदी सामान्य येते. त्याच्या गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात मात्र हाडाच्या टोकाशी दाट पांढरी रेघ दिसते आणि हाडावरच्या आवरणाखाली रक्त साठल्याच्या खुणा असतात. पाय हलवताना होणाऱ्या वेदनेचे कारण तेच रक्त आहे. पाय लुळा पडल्यासारखा वाटला तरी नस शाबूत असते, आणि हा ‘अर्धांग’ पाहून बेरीबेरी लिहिणारेही मला भेटले आहेत. डेंग्यूच्या संशयात डॉक्टर दंडाला पट्टा आवळून ठिपके मोजतात. तीच चाचणी स्कर्व्हीतही भरपूर ठिपके दाखवू शकते, कारण ती वाहिनीच्या भिंतीचीही परीक्षा घेते. ‘के’ च्या कमतरतेत ती सहसा ठीक येते.

मोठ्या माणसात ‘के’ केवळ आहारामुळे कमी पडल्याचे फारसे दिसत नाही. पित्ताचा मार्ग अडणे, स्निग्ध पदार्थ न पचणे, किंवा जेवण बंद असताना प्रतिजैविके दीर्घकाळ चालणे असे काही कारण शोधावे लागते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिनची गोळी घेणाऱ्याला पालक-मेथीचे प्रमाण रोज सारखे ठेवायला सांगतात, कारण ती गोळी ‘के’ च्याच कामात अडथळा आणते आणि या भाज्यांत ‘के’ भरपूर असते. संत्र्या-मोसंब्यातल्या ‘क’ चा त्याच्याशी संबंध नाही. उलट स्कर्व्हीच्या मोठ्या रुग्णाला ताटात काय असते हे विचारले की बहुधा तेथेच उत्तर मिळते.

उपचाराचा वेगही या दोघांना वेगळे करतो. पहिल्या बाळाला १ मिलिग्रॅम ‘के’ टोचले की काही तासांत रक्त गोठू लागते, आणि फार रक्त गेले असेल तर तेवढा वेळही न थांबता गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा चढवतात. दुसऱ्या मुलाला रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ‘क’ दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते पायाला हात लावू देते आणि हिरड्या आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात. हाडाची चित्रे मात्र पूर्ववत व्हायला महिने लागतात, कारण तेथे वेणी नव्याने विणावी लागते.