मेंदूची इजा वाढत नाही, तरी टाच का उचलली जाते?

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर सुरुवातीलाच सांगतात, की मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली, आता ती वाढणार नाही. घरच्यांना तेवढाच धीर येतो. चार वर्षांनी तेच घर मुलीला घेऊन पुन्हा दवाखान्यात येतं आणि आजी म्हणते, "तीन वर्साची व्हती तवा टाच टेकवायची. आता निस्ती चवड्यावर चालतीय. दुखणं वाढलंय की!" डॉक्टर चुकीचं बोलले नव्हते, आणि आजीनं पाहिलेलंही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे घरच्यांना नीट समजावून सांगायला हवं. ते न कळल्यामुळे अनेक घरं व्यायाम सोडून देतात, नाहीतर 'मेंदू दुरुस्त करणाऱ्या' महागड्या उपचारांसाठी कर्ज काढतात.

समजा, ही मुलगी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड जोडप्याची आहे. आई गरोदरपणातही कोयत्यावर गेली होती. फडातच कळा सुरू झाल्या आणि 30 व्या आठवड्यात बाळंतपण झालं. बाळ 1300 ग्रॅमचं. कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होतं, मग घरी आलं. दिसायला बारीक, पण दूध ओढणारं, हसणारं, आवाजाकडे मान वळवणारं.

इजा त्याआधीच होऊन गेलेली असते. साधारण 24 ते 32 आठवड्यांच्या काळात बाळाच्या मेंदूतला एक भाग फार नाजूक असतो. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेचा हा पांढरा भाग. इथल्या रक्तवाहिन्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. चेतातंतूंवर पुढे जे आवरण चढतं ते बनवणाऱ्या पेशीही कोवळ्या असतात. रक्तदाब घसरला, श्वास अडला किंवा आईला जंतुसंसर्ग झाला, तर या पेशी मरतात. मेंदूकडून पायांकडे जाणारे तंतू नेमके या पोकळ्यांना सर्वांत चिकटून जातात. हातांचे थोडे बाहेरून, चेहऱ्याचे आणखी बाहेरून. म्हणून अशा बाळाचे दोन्ही पाय आखडतात आणि हात बऱ्यापैकी वाचतात. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाला बाळंतपणात प्राणवायू कमी पडला, तर इजा मेंदूच्या वेगळ्या भागांत होते आणि चित्रही वेगळं दिसतं.

इजा झालेल्या जागी पुढे व्रण राहतो. तो पसरत नाही. त्या मुलीचा दुसऱ्या वर्षीचा आणि सातव्या वर्षीचा एमआरआय शेजारी ठेवला, तर पोकळ्यांच्या कडेची तीच उणीव दोन्हींत दिसेल.

मग जन्मल्याबरोबर पाय कडक का नव्हते? नवजात बाळाच्या हालचाली बऱ्याच अंशी मेंदूच्या खालच्या भागाकडून आणि मज्जारज्जूकडून चालतात. वरच्या मेंदूचा ताबा पहिल्या वर्षभरात हळूहळू येतो, त्यामुळे तुटलेली वाट तोवर कळत नाही. सात-आठ महिन्यांनंतर आईच्या लक्षात येतं, की लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, उभं धरलं की पायांची कात्री होते आणि बाळ चवड्यांवर राहतं. (या बाळाचं वय मोजताना दहा आठवडे वजा करायचे असतात. नाहीतर नुसता उशीर आणि खरा दोष यांची गल्लत होते.)

कडकपणाचं कारण असं. स्नायू झटकन ताणला गेला की मज्जारज्जू त्याला आपोआप आकसायला लावतो. ही प्रतिक्रिया प्रत्येकात असते आणि मेंदू तिला आवर घालत असतो. आवर घालणारे तंतूच कमी पडले, की थोडाही ताण आला तरी पोटरी आकसते. म्हणूनच हा कडकपणा वेगावर अवलंबून असतो.

दुखणं वाढलं की नाही, हे तपासण्याची युक्ती यातच आहे. फिजिओथेरपिस्ट गुडघा सरळ ठेवून मुलीचं पाऊल वर ढकलतात, आधी झटक्यात आणि मग अगदी सावकाश. दोन्ही वेळा घोटा कुठे अडतो ते कोनमापकानं मोजतात. पाऊल नडगीशी काटकोनात आलं म्हणजे शून्य. तीन वर्षांची असताना झटक्यात ढकललं तर पाऊल काटकोनाच्या 15 अंश अलीकडेच अडायचं, पण सावकाश ढकललं तर काटकोन ओलांडून 10 अंश पुढे जायचं. सातव्या वर्षी झटक्यात मोजलं, तर तेच 15 अंश अलीकडे. सावकाश मोजलं तेव्हा मात्र काटकोनाला 5 अंश कमी.

झटक्याचा आकडा मेंदू-मज्जारज्जूच्या बिघाडाचा आहे, आणि तो हलला नाही. सावकाशीचा आकडा स्नायूच्या खऱ्या लांबीचा आहे. तो 15 अंशांनी घसरला. आजीला दिसलं ते हे.

स्नायू आखूड का पडला? हाड त्याच्या शेवटाजवळच्या कूर्च्यातून वाढत राहतं. स्नायूला लांब व्हायला मात्र रोजचा ताण लागतो. उकिडवं बसणं, पळणं, चढणं यातून स्नायूच्या धाग्यांत नवे तुकडे जोडले जातात. सतत आकसलेल्या पोटरीला तो ताण मिळत नाही, आणि अशा स्नायूंमध्ये वाढीसाठी लागणाऱ्या मूळपेशीही कमी आढळल्या आहेत. नडगी वाढत गेली आणि पोटरी मागच्या वर्षीच्या सदऱ्यासारखी आखूड पडली. उंची भराभर वाढते त्या वर्षांत हे जास्त जाणवतं, त्यामुळे दहा ते चौदा या वयात पुन्हा 'बिघडल्यासारखं' वाटतं.

उपचारही याच दोन आकड्यांवर ठरतो. तिसऱ्या वर्षी दोन आकड्यांत 25 अंशांचं अंतर होतं, म्हणजे स्नायू पुरेसा लांब होता आणि अडचण आकसण्याची होती. तेव्हा पोटरीत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, रोजचं ताणणं आणि स्प्लिंट यांचा उपयोग होतो. इंजेक्शनाचा परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. अंतर कमी होत 10 अंशांवर आलं, की नुसत्या इंजेक्शनानं फार साधत नाही. मग दर आठवडा-दोन आठवड्यांनी बदलत जाणारं प्लॅस्टर, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया. ती लवकर उरकून टाकण्याची घाई मला फार धोक्याची वाटते. लहान वयात टाचेमागची शीर गरजेपेक्षा जास्त सैल केली, तर पोटरीचा जोर जातो आणि वजन वाढल्यावर मूल गुडघे वाकवून चालू लागतं. चवड्यावर चालण्यापेक्षा ते सुधारणं अवघड.

जी मुलं स्वतः चालू शकत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू निसटतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून त्यांचा कंबरेचा एक्स-रे ठरावीक काळानं काढायचाच.

या हिशेबात न बसणारी एक गोष्ट ओळखता आली पाहिजे. सेरेब्रल पाल्सीचं मूल आखूड स्नायूमुळे हळू चालेल, लवकर थकेल. पण बोलता येणारे शब्द विसरणं, बसता येत असताना बसणं जाणं, हे सेरेब्रल पाल्सीत बसत नाही. तसं झालं, किंवा कोणतंही कारण नसताना पूर्ण दिवसांच्या बाळाचे पाय आखडले, तर निदान पुन्हा तपासून घ्यावं. चयापचयाचे आणि आवरण नष्ट होण्याचे काही आजार सुरुवातीला असेच दिसतात. त्यातला एक तर असा आहे, की मूल सकाळी बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे पडू लागतात. त्या मुलाला लेवोडोपा हे औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं, तरी काही दिवसांत चाल सुधारते. सकाळ-संध्याकाळचा असा फरक दिसला तर तो डॉक्टरांना आपणहून सांगावा, कारण ओपीडीत मूल बहुतेक वेळा सकाळीच तपासलं जातं.