'रेट पन्नास' आणि लपलेली पी : ईसीजी वाचनाच्या क्रमाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेच्या वॉर्डात इंटर्नला ईसीजी शिकवताना हल्ली एक आग्रह वारंवार ऐकू येतो : रेट एकदा मोजू नका, दोनदा मोजा. आधी पीचा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या लाटेचा, मग क्यूआरएसचा, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचा. जुन्या वह्यांत हा क्रम सापडत नाही. तिथे रेट, ऱ्हिदम, अ‍ॅक्सिस, हायपरट्रॉफी, इस्किमिया अशी उतरंड असते आणि 'रेट' म्हणजे दोन क्यूआरएसमधले मोठे चौकोन मोजून 300 ला भागणे, बस्स. ही पायरी दोन भागांत का फोडावी लागली, त्याची ही पार्श्वभूमी.

यंत्राचा इतिहास थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेले पहिले यंत्र सुमारे 270 किलोचे होते, चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. छातीवरच्या सहा लीडच्या जागा 1938 मध्ये ठरल्या आणि एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ 1942 मध्ये आल्या. आज आपण वाचतो तो बारा लीडचा कागद तेव्हा पूर्ण झाला. वाचनाचे ठरावीक क्रम त्यानंतर रुळले, आणि पुढे अटॅक लवकर ओळखण्यावर भर वाढत गेला तसे सगळ्यांचे डोळे क्यूआरएसनंतरच्या एसटी या भागावर खिळले. पी मागे पडली ती इथे.

पण खरा गुंता आहे 'ब्लॉक' या शब्दाचा. हा शब्द ईसीजीपेक्षा जुना. 1880 च्या दशकात कासवाच्या हृदयावर प्रयोग करणाऱ्याने वरच्या कप्प्याचा ठोका खाली पोचत नाही, या अर्थाने तो वापरला. 1899 मध्ये नाडीच्या आलेखावरून 'हळूहळू उशीर होत एक ठोका गळतो' हा प्रकार वर्णन झाला. 'काही उशीर न होता एकदम गळतो' हा दुसरा प्रकार 1906 मध्ये, तोही मान आणि मनगटाच्या नाड्यांवरून. 1924 मध्ये दोघांना टाइप वन, टाइप टू अशी नावे मिळाली. म्हणजे मूळ अर्थ विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचा. आपल्याकडे मात्र अँजिओग्राफी तालुक्यापर्यंत माहीत झाली आणि 'ब्लॉक' म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा, हा अर्थ घट्ट बसला. त्यात बंडल ब्रँच ब्लॉक हा तिसरा. एकाच शब्दात तीन आजार राहतात.

याचा त्रास नातेवाइकांपुरता असता तर चालले असते. 'बाबांना किती टक्के ब्लॉक आहे?' या प्रश्नाला उत्तर देता येते. अडचण होते ती चिठ्ठीत. रेफर करताना नुसते 'हार्ट ब्लॉक' लिहिले की पुढचा घाईतला माणूस अटॅक समजून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा लोडिंग डोस देऊन टाकतो. नंतर पेसमेकर बसवायची वेळ येते तेव्हा याच गोळ्यांमुळे खांद्याखालच्या खिशात रक्त साठायचा धोका वाढलेला असतो.

आता रेटच्या पायरीकडे. नेहमी शिकवण्यासाठी घेतला जातो तो नमुना असा : जत भागातले सत्तरीचे शेतकरी, दोन दिवस चक्कर, छातीत दुखत नाही. यंत्राने वर छापले आहे `SINUS BRADYCARDIA`, म्हणजे मंद ठोके, रेट 50. जुन्या क्रमाने वाचणारा इंटर्न काय करतो? दोन क्यूआरएसमध्ये सहा मोठे चौकोन, 300 भागिले 6, पन्नास. प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे, पीआर, म्हणजे पी ते क्यूआरएस हे अंतर, साडेचार छोटे चौकोन, म्हणजे 0.18 सेकंद. सगळे नियमात. बीपीच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे का एवढे विचारून तो कागद बाजूला ठेवतो.

नव्या क्रमात पीपासून सुरुवात. कागदाची कोरी पट्टी लीड टूच्या लांब पट्टीवर ठेवायची, दोन दिसणाऱ्या पींवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि बरोबर मधोमध तिसरी खूण. मग त्या मधल्या खुणेखाली काय आहे ते बघायचे. या कागदावर त्या जागी क्यूआरएसनंतरच्या टी लाटेचा उतार आहे आणि उतारावर छोटासा उंचवटा. एकाच टीवर असता तर हात हलल्याचा दोष म्हणता आला असता. पण तो प्रत्येक टीवर आहे, आणि व्ही-वनमध्येही त्याच जागी. ती लपलेली पी. म्हणजे पीचा रेट 100, क्यूआरएसचा 50. ठोका सुरू करणारा सायनस नोड मुळीच मंद नाही, उलट धावतोय, पण दर दोनांतला एक ठोका खाली पोचत नाही.

मधोमध म्हणजे अगदी तंतोतंत नव्हे, हे सांगायचे बरेचदा राहून जाते. 2:1 ब्लॉकमध्ये ज्या दोन पींच्या मध्ये क्यूआरएस येतो ते अंतर अनेकदा थोडे कमी भरते. या कागदावर ते 14 छोटे चौकोन आहे आणि पुढचे 16. एवढा फरक चालतो. उंचवटा खूपच आधी, समजा नवव्या-दहाव्या चौकोनावर आला आणि त्याचा आकार वेगळा दिसला, तर तो वेळेआधी आलेला आणि वाटेत अडलेला एट्रियल ठोका असू शकतो. त्याला पेसमेकर लागत नाही. दोन्ही कागद लांबून सारखेच दिसतात, म्हणून पट्टी लागते.

यापुढचा वाद अजून मिटलेला नाही. 2:1 ब्लॉक टाइप वन की टाइप टू? प्रामाणिक उत्तर : या पट्टीवरून सांगता येत नाही. पीआर वाढतोय का हे कळायला लागोपाठ दोन ठोके खाली पोचावे लागतात, इथे ते पोचतच नाहीत. तरी परीक्षेत 'टाइप टू' असे ठोकून उत्तर घेणारे परीक्षक आहेत, आणि हे चुकीचे आहे. विद्यार्थ्याने 'प्रकार ठरवता येत नाही' म्हटले तर त्याचे गुण कापू नयेत. क्यूआरएसची रुंदी मात्र सांगता येते. इथे ती साडेतीन छोटे चौकोन, 0.14 सेकंद, म्हणजे अडथळा वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडच्या खाली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी ठोके वाढवणारे अ‍ॅट्रोपिन दिल्यावर सायनस आणखी धावतो, खालची वाट तेवढे पेलत नाही आणि 2:1 चे 3:1 होऊ शकते. पी 110 आणि नाडी 37. यंत्राच्या 'ब्रॅडीकार्डिया'वर विसंबून 0.6 मिलीग्रॅमची अँप्यूल फोडली की हा प्रकार घडतो. म्हणून अँप्यूल हातात घेण्याआधी पी मोजायची.

2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ईसीजी स्वतः काढून वाचणे हे कौशल्य म्हणून तपासले जाते आणि पायऱ्यांना महत्त्व आले. सातारा असो की सांगली, खरा दाब मात्र मोबाइलचा आहे. ग्रामीण रुग्णालयातून कागदाचा फोटो येतो तेव्हा कडा कापलेल्या असतात, कागदाचा वेग सेकंदाला 25 मिलिमीटर आहे की 50 ते दिसत नाही, आणि लांब पट्टीच गायब असते. 50 च्या वेगाने काढलेला कागद 25 चा समजून वाचला की 100 चा रेट 50 भरतो आणि नसलेला ब्रॅडीकार्डिया दिसतो. म्हणून आता पहिली पायरी नाव, वेळ, वेग आणि 10 मिलिमीटर उंचीचा कॅलिब्रेशनचा ठोका ही आहे, दुसरी पी.

चिठ्ठीचा मायनाही त्याबरोबर बदलला. 'हार्ट ब्लॉक, पुढील उपचारासाठी' याऐवजी इंटर्नकडून आता असे लिहून घेतात : एव्ही ब्लॉक 2:1, पी 100, क्यूआरएस 50, क्यूआरएस रुंद, एसटी बदल नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिलेल्या नाहीत, पेसमेकरच्या निर्णयासाठी.