गेम बंद केला आणि अभ्यासाची साइट बंद पडली

राजारामपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासची लॅब डोळ्यांसमोर आणा. पोरं तास सोडून गेम खेळतात म्हणून लॅब सांभाळणारा ती साइट बंद करायला बसतो. आधी तिचा आयपी पत्ता काढतो (नाव आणि पत्ता नमुन्याचे):

```
$ dig +noall +answer game.example
game.example.  60  IN  A  203.0.113.24
```

हा पत्ता राउटरच्या फायरवॉलमध्ये टाकला की गेम बंद. पण दुपारच्या बॅचला तो पुन्हा चालू, आणि वर शेजारच्या खोलीतून तक्रार येते की अभ्यासाची एक साइट उघडत नाही.

उत्तरातला 60 हा आकडा नीट बघा. हा पत्ता फक्त साठ सेकंद लक्षात ठेवा, मग पुन्हा विचारा, असं त्याचं म्हणणं. बऱ्याच मोठ्या साइट्स थेट स्वतःच्या सर्व्हरवरून येत नाहीत. मधे सीडीएन असतं. गावोगावी सर्व्हर ठेवून ते जवळच्या, मोकळ्या सर्व्हरचा पत्ता देतं. त्यामुळे पत्त्याच्या शेवटी सकाळी 24 तर दुपारी 57. नियम मात्र 24 वरच बसलेला.

मग दर मिनिटाला पत्ता विचारून यादी आपोआप वाढवली तर? काही राउटर ते करतातही. पण त्याने दुसरं दुखणं वाढतं, कारण तो पत्ता गेमच्या मालकीचा नसतोच. मार्केट यार्डातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामासारखं आहे हे: पत्ता एक, माल शंभर व्यापाऱ्यांचा, कुणाचा कुठला ते पावतीवरच्या नावावरून कळतं. ब्राउझरही जोडणी सुरू करताना साइटचं नाव पाठवतो. सर्व्हर ते वाचून योग्य साइट देतो. फायरवॉलने पत्ता अडवला की सगळ्यांचाच माल अडकतो.

ही वाटणी किती टोकाची असू शकते? 2021 मध्ये क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या संशोधकांनी दोन कोटींहून जास्त नावं एकाच आयपी पत्त्यावरून चालवून दाखवली. ऑस्ट्रियात ऑगस्ट 2022 मध्ये पायरसीच्या खटल्यातून इंटरनेट कंपन्यांना क्लाउडफ्लेअरचे 11 पत्ते बंद करावे लागले, आणि खटल्याशी काडीचा संबंध नसलेल्या असंख्य साइट्स तिथल्या लोकांना दिसेनाशा झाल्या. कोर्टाच्या कागदावर अकरा आकडे, एवढंच.

म्हणून लॅबमध्ये नावावरच पहारा बसवणं बरं: नावावरून पत्ता सांगणाऱ्या लॅबच्या डीएनएसने game.example चं उत्तरच द्यायचं नाही, आणि बाहेरच्या डीएनएसकडे जाणाऱ्या वाटा बंद ठेवायच्या. शेजारच्या साइटला धक्का लागत नाही. पण पोराने खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर लॅबच्या डीएनएसला कुणी विचारतच नाही. जोडणीच्या सुरुवातीला जाणारं नाव वाचून अडवणारे फायरवॉलही आहेत. मात्र ते नावसुद्धा कूटबद्ध करणारी ईसीएच ही पद्धत नव्या ब्राउझरांत आली आहे. ती चालू असेल तिथे फायरवॉलला बाहेरून फक्त सीडीएनचं नाव दिसतं.