लेखाखालचा कागद: सीमाभागातील छापील याद्या आणि नमुना अर्जांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांसाठी लिहिलेल्या माहितीपर मराठी लेखांखाली आता एखादी फाइल जोडलेली असते. तिच्यात कागदपत्रांची यादी असते आणि अर्जाचा नमुना असतो. वाचकाने ती उतरवून घ्यायची, झेरॉक्सच्या दुकानात छापायची आणि थेट कचेरी गाठायची, अशी अपेक्षा असते. हा कागद आजच्या रूपात यायला बराच काळ गेला. त्यातला एक वाद तर अजूनही मिटलेला नाही.

1956 नंतर कचेरीची भाषा कशी बदलत गेली, हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या काळात नमुना म्हणजे कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहून देणाऱ्यांची वही आणि स्टेशनरीच्या दुकानातला छापील फॉर्म. वर्तमानपत्रातल्या लेखाचे कात्रण खिशात घालून लोक तलाठ्याकडे जात. पण कात्रणात माहिती असे, भरायला जागा नसे. वाचक समजून घेई आणि अर्जासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा राही.

खरा बदल डीटीपीबरोबर आला, आणि अडचणही त्याच्याच पाठोपाठ आली. त्या काळच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राही, फक्त त्याचे चित्र मराठी असे. कृतिदेव फॉन्टमध्ये `dfork` टंकले की पडद्यावर ‘कविता’ दिसते. फॉन्ट काढून घेतला की पुन्हा `dfork` उरते. कन्नडसाठीही याच पद्धतीचे फॉन्ट होते आणि तेही तीच इंग्रजी अक्षरे वापरत. त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही असलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे एखादा फॉन्ट नसला, तर अर्धा कागद निरर्थक होई. मजकूर कोणत्या भाषेतला आहे, हे फाइलला मुळात माहीतच नसे. दुसऱ्या संगणकावर पाठवायचा नमुना सीमाभागात इतका उशिरा का रुजला, याचे मोठे कारण इथे आहे. नुसत्या मराठी नमुन्याला एका फॉन्टची सोय पुरत होती, इथल्या नमुन्याला दोन लागत.

प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांना स्वतंत्र जागा 1991 मध्येच मिळाल्या होत्या, पण ते साध्या घरगुती संगणकापर्यंत पोचायला बरीच वर्षे गेली. पोचल्यावरही एक खोच राहिली. वर्डमध्ये भारतीय लिप्यांसाठी फॉन्टची नेमणूक एकाच खणात होते. तिथे फक्त देवनागरीचा ‘मंगल’ नेमला, की कन्नड ओळ संगणक स्वतः निवडलेल्या दुसऱ्या फॉन्टमध्ये दाखवतो. तिची उंची वेगळी असते, तक्ता खाली सरकतो आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर जातो. `Nirmala UI` या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत, म्हणून तो सोयीचा ठरला. पण मोबाइलवर तो नसतो, आणि वाचक बहुतेकदा मोबाइलवरच असतो. म्हणून छापायची प्रत पीडीएफ करण्याची रीत पडली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच राहतो. यादीत खूण करायच्या चौकोनासाठीही `☐` हे चिन्ह न वापरता तक्त्याचा रिकामा खण वापरणे सुरक्षित. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये हे चिन्ह नाही, मग प्रत्येक यंत्रावर ते वेगळ्या आकारात येते.

आता वादाकडे. नमुन्यात कन्नड असावे की नसावे?

एक बाजू म्हणते, नसावे. घटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी नमुन्यातच कन्नड घातले, तर मराठी अर्ज घेण्याचा आग्रह आपणच सोडल्यासारखे होते. हा मुद्दा हलका नाही. आपल्या भाषेतला कागद टेबलावर ठेवता येणे इथल्या माणसासाठी नुसत्या सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. दुसरी बाजू म्हणते, कलम अर्ज द्यायचा हक्क देते, पण उत्तर त्याच भाषेत मिळेल किंवा दप्तरात नोंद त्या भाषेत होईल असे म्हणत नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो. अर्जातले नाव त्याच्याशी जुळले नाही, तर काम तिथेच अडते.

मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अर्धेच पटते, आणि ते अर्धे कोणते हे वारसा नोंदीच्या नमुन्यावरून नीट दिसते. समजा, खानापूर तालुक्यातला शेतकरी वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. यादीत पहिली ओळ मृत्यू दाखल्याची असते, कारण मृत्यूची माहिती 21 दिवसांत दिली तर शुल्क लागत नाही, पुढे उशिराचे शुल्क आणि परवानगी मागे लागते. मग वंशावळ. इथे चांगल्या यादीत ‘लग्न झालेल्या मुलींसह सर्व वारस’ असे स्पष्ट छापलेले असते. तेवढे शब्द नसले की मुलीचे नाव राहते, आणि नोंदीवर हरकत येण्याचे ते सरळ कारण होते. त्यानंतर चालू उतारा, आधार आणि शेवटी अर्ज.

या अर्जात कन्नड नेमके कुठे लागते? विनंतीचा मजकूर मराठीत राहू शकतो. जुळावी लागतात ती मयताचे आणि वारसांची नावे. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगळे लिहितात, देवनागरीतल्या मराठीत तो भेद दिसत नाही. त्यामुळे ‘गोविंद’ हे नाव मराठीवरून कन्नडमध्ये अंदाजाने उतरवले, तर उताऱ्यावर असेल तसेच ते येईल याची खात्री नाही. नमुना करणाऱ्याने ते आधी टंकून ठेवणेही चूकच. जुन्या नमुन्यांत उदाहरणादाखल कन्नड नाव छापलेले असे आणि लोक त्याच धाटणीने आपले नाव बेतत.

यावर निघालेला तोडगा साधा आहे. मजकूर मराठी, आणि मयताच्या नावासमोर एक रिकामा खण: ‘उताऱ्यावर जसे आहे तसे कन्नडमध्ये उतरवा’. वारसांच्या नावांसमोर असाच खण, पण तिथे आधारवरचे कन्नड नाव, कारण त्यांचे नाव उताऱ्यावर अजून आलेलेच नसते. हे खण हाताने भरायचे, म्हणून त्यांची उंची निदान एक सेंटिमीटर हवी. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहिला जातो, कमी उंचीत तो रेषेवर चढतो. काही जण पूर्ण कन्नड अर्ज वेगळ्या पानावर देतात. मला ती पद्धत कमी बरी वाटते, कारण वाचकाला न वाचता येणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते.

अलीकडचा प्रश्न आवृत्तीचा आहे. लेखातली फाइल बदलली, तरी व्हॉट्सॲपवर जुनी पीडीएफ फिरत राहते. कोणी तिचा फोटो काढून पुढे पाठवतो, तो दाबला जाऊन धूसर होतो आणि कन्नडमधल्या बारीक खुणा छापताना बुजतात. म्हणून नव्या नमुन्यांच्या तळाशी तपासणीची तारीख, लेखाचा पत्ता आणि ‘फोटो न काढता डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ ही सूचना छापली जाऊ लागली आहे. ज्या नमुन्यावर तारीख नाही तो भरू नये, निदान कागदपत्रांची यादी कचेरीतल्या फलकाशी ताडून पाहावी.