पाचवा सर्व्हर जोडला, तर किती नोंदी हलतात?

चार सर्व्हरवर नोंदी वाटायच्या असतील तर सोपा मार्ग असा: नोंदीच्या ‘की’चा हॅश काढायचा, त्याला ४ने भागायचं आणि बाकी जितकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर नोंद ठेवायची. वाटणी छान समान होते. पण पाचवा सर्व्हर आला, भाजक ५ झाला, की घोळ सुरू. ४ आणि ५ या दोन्हींनी भागून बाकी तीच यायची तर हॅशला २०ने भागल्यावर ०, १, २ किंवा ३ उरायला हवेत. म्हणजे २०पैकी ४ नोंदी जागेवर राहतात, ८० टक्के हलतात. खरं तर नव्या सर्व्हरचा वाटा भरायला २० टक्केच पुरले असते. सर्व्हर कॅशचे असतील, तर हलवलेल्या नोंदींच्या विचारणा एकदम मागच्या डेटाबेसवर आदळतात.

१९९७ साली एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये हा भागाकारच नाही. हॅशचे सगळे आकडे वर्तुळावर मांडायचे. समजायला ० ते ९९ धरू. सर्व्हरच्या नावाचाही हॅश काढून त्याला वर्तुळावर बसवायचं. समजा क १०वर, ख ३५वर, ग ६०वर आणि घ ९०वर आला. नोंदीचा हॅश जिथे पडेल तिथून पुढे जाताना जो पहिला सर्व्हर लागेल, ती नोंद त्याची. आता च हा नवा सर्व्हर ५०वर बसवला, तर ३६ ते ५० एवढ्याच नोंदी ग कडून च कडे जातात. बाकीच्यांना धक्का नाही.

पण ही मांडणी अजून वापरण्याजोगी नाही. ग कडे १० जागा उरल्या, घ कडे मात्र अजून ३०च आहेत. नव्या सर्व्हरचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. उलट घ बंद पडला, तर त्याचा सगळा भार एकट्या क वर येतो आणि २०च्या ५० जागा होतात. म्हणून प्रत्येक सर्व्हरला ‘क-१’, ‘क-२’ अशा नावांनी शे-दीडशे ठिकाणी बसवतात. १०० ठिकाणं असली की भारातला फरक साधारण १० टक्क्यांच्या आसपास येतो आणि बंद पडलेल्याचा भार सगळ्यांत विखुरतो. प्रत्येकी १५० धरली तर ५ सर्व्हरची ७५० ठिकाणं क्रमाने लावलेल्या यादीत असतात, त्यामुळे बायनरी सर्चने दहाएक तुलनांत उत्तर मिळतं. शेवटच्या ठिकाणापुढे पडलेला हॅश पुन्हा पहिल्याकडे वळवायला मात्र विसरू नये:

```python
i = bisect.bisect_left(points, h)
if i == len(points):
    i = 0
```

पायथनचं स्वतःचं `hash()` इथे चालत नाही. स्ट्रिंगसाठी ते प्रोग्राम सुरू होताना दर वेळी वेगळं उत्तर देतं, त्यामुळे दोन मशीनची वर्तुळं जुळत नाहीत. लक्षण ओळखीचं असतं: एका मशीनने नुकतीच लिहिलेली नोंद दुसऱ्याला सापडत नाही. एमडी५सारखं ठरलेलं फंक्शन घ्यावं. आणि एकाच की वर सगळी गर्दी लोटली असेल, तर ठिकाणं कितीही वाढवा, ती नोंद एकाच सर्व्हरवर राहणार. तिच्या प्रतीच ठेवाव्या लागतात.